पॉनचा दिवा हिरवा, वायफायही दिसतं, तरी नेट नाही: Dynamic IP की Static IP?

प्रश्न: आर्णी तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. केबलवाल्याचं फायबर कनेक्शन आहे. घरून कॅमेरे पाहता यावेत म्हणून फिक्स आयपी घेतला होता. परवा विजा कडाडल्या तेव्हा नेट अडकलं, म्हणून पोराने राउटरचं मागचं बटण पिनने दाबून धरलं. तेव्हापासून वायफाय दिसते पण नेट नाही. पॉनची लाइट हिरवी आहे, केबलवाला म्हणतो लाइन चालू आहे. राउटरमध्ये Dynamic IP निवडलेलं दिसते, खाली Static IP पण आहे. कोणतं ठेवू अन् त्यात काय भरू?

उत्तर:

भाऊ, Static IP ठेवा. त्यात पाच आकडे भरायचे आहेत: आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि दोन डीएनएस. गेटवे म्हणजे केबलवाल्याच्या बाजूचं दार, आणि डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा. हे पाचही तुमच्या केबलवाल्याकडूनच घ्यायचे, अंदाजाने एकही भरायचा नाही. पिन दाबून धरल्यावर राउटर कारखान्यातून आला तसा कोरा झाला, आणि कोरा राउटर बहुतेक वेळा Dynamic IP वरच असतो. लाइन बिघडलेली नाही, राउटरची आठवण पुसली गेली आहे.

केबलवाला खोटं बोलत नाही, हे आधी लक्षात घ्या. तुमच्याकडे दोन डबे असतील. फायबरची बारीक पिवळी किंवा काळी वायर ज्यात जाते तो ओएनटी, आणि तिथून निळ्या-पिवळ्या लॅन केबलने जोडलेला तुमचा राउटर. पॉनचा दिवा स्थिर हिरवा म्हणजे ओएनटी आणि केबलवाल्याचं मशीन यांच्यात प्रकाश नीट पोहोचतो आहे. फायबर तुटली असती तर एलओएसचा लाल दिवा लागला असता. केबलवाला त्याच्या स्क्रीनवर पाहतो तेही एवढंच. वायफायचं चिन्ह तर फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यातलं आहे. राउटरला इंटरनेटचा पत्ता मिळाला की नाही, हे या दोन्ही दिव्यांत कुठेच दिसत नाही. ते फक्त राउटरच्या स्टेटस पानावर दिसतं.

Dynamic वर राउटर लाइनवर हाक मारतो, "मला कोणी पत्ता देता का?" पलीकडे पत्ते वाटणारा सर्व्हर असेल तर तो एक पत्ता देऊ करतो, राउटर तो मागून घेतो, सर्व्हर पक्का करतो. काही सेकंदांत काम होतं आणि गेटवे, डीएनएस सगळं सोबत येतं. फिक्स आयपीच्या लाइनवर मात्र असा सर्व्हर बहुधा नसतोच, कारण तुमचा पत्ता आधीच ठरलेला आहे आणि तो तुम्ही हाताने लिहावा अशी अपेक्षा आहे. मग राउटर हाका मारत बसतो आणि स्टेटस पानावर पत्त्याच्या जागी `0.0.0.0` राहतं.

म्हणून काहीही बदलण्याआधी हे पान बघा. दुकानातला संगणक लॅन केबलने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. मोबाइलवरून करणार असाल तर मोबाइल डेटा बंद करा. वायफायवर नेट नाही हे ओळखून फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि राउटरचं पान उघडतच नाही. बरेच जण इथेच अडकतात. पानाचा पत्ता `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` असतो. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` टाइप केलं की Default Gateway समोर दिसतो तोच तो पत्ता. कोरा झालेला राउटर नवा पासवर्ड ठेवायला सांगेल, नाहीतर खालच्या स्टिकरवरचा चालेल. आत Status मध्ये WAN किंवा Internet असा भाग असतो. तिथे चारपैकी काहीतरी एक दिसेल.

`0.0.0.0` दिसलं तर वर सांगितलं तेच झालं आहे, पुढे जा. एक गोष्ट मात्र आधी हाताने तपासा, ओएनटीकडून आलेली केबल राउटरच्या WAN पोर्टमध्येच आहे ना. तो पोर्ट बहुधा निळा किंवा वेगळ्या रंगाचा असतो. विजांच्या गडबडीत सगळ्या केबली काढून परत लावल्या असतील तर ती लॅनच्या पोर्टमध्ये गेलेली असू शकते, आणि WAN पोर्ट रिकामा असला तरीही `0.0.0.0` च दिसतं.

`192.168.` ने सुरू होणारा पत्ता दिसला तर गोष्ट वेगळी आहे. याचा अर्थ तुमचा ओएनटी स्वतःच राउटरचं काम करतो आहे आणि फिक्स आयपी त्याच्या आत भरलेला असायला हवा. अशा वेळी तुमच्या राउटरवर Dynamic च बरोबर. तिथे Static भरलं तर चालणारी गोष्टही बंद पडेल. नेट नसेल तर केबलवाल्याला सांगा की ओएनटीतलं सेटिंग तपास.

`10.` ने किंवा `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या लाइनवर पत्ते वाटणारा सर्व्हर आहे आणि त्याने तुम्हाला सामायिक साठ्यातला पत्ता दिला आहे. यात नेट बहुधा चालतं, पण बाहेरून कॅमेरे दिसत नाहीत, कारण तो पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. पैसे फिक्स आयपीचे आणि वापर साध्या कनेक्शनचा, असं महिनोन्महिने चालू राहू शकतं.

चौथं म्हणजे पूर्ण वेगळाच सार्वजनिक पत्ता. तो केबलवाल्याने दिलेल्या पत्त्याशी जुळतो का, एवढं पाहा.

ओएनटीच्या मागेही पिनचं भोक असतं. त्याला हात लावू नका. त्यात केबलवाल्याने भरलेली ओळख आणि व्हीलॅनचा क्रमांक असतो. तो पुसला गेला तर पॉनचा दिवाही हिरवा राहील याची खात्री नाही, आणि मग लाइनमन गावात येईपर्यंत बसून राहावं लागतं.

आता आकडे. कनेक्शन घेतलं तेव्हाचा मेसेज, मेल किंवा पावती शोधा. पोराच्या किंवा मुनीमजीच्या व्हॉट्सॲपवर जुना फोटो सापडतो बरेचदा. नाहीच मिळाला तर केबलवाल्याला फोन करा, पण "नेट नाही" म्हणू नका. त्यावर तो पुन्हा "लाइन चालू आहे" एवढंच म्हणेल. असं विचारा: "राउटर रिसेट झाला आहे. माझ्या फिक्स आयपीचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि दोन्ही डीएनएस व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. व्हीलॅन टाकायचा आहे का तेही सांग." तोंडी ऐकून लिहू नका, एक टिंब चुकलं तरी अर्धा दिवस जातो.

तो म्हणाला की तुमच्याकडे युजरनेम आणि पासवर्ड आहे, तर तुमचं कनेक्शन या दोन्हींपैकी नाही. ते PPPoE आहे. यादीत तोच पर्याय निवडून युजरनेम-पासवर्ड टाका. गावाकडच्या कितीतरी फायबर कनेक्शनवर हेच असतं आणि फिक्स आयपीसुद्धा त्यातूनच मिळू शकतो. मग पाच आकडे भरायची गरज नाही.

भरायचं कसं ते एका उदाहरणाने दाखवतो. खालचे `203.0.113.` ने सुरू होणारे पत्ते फक्त नमुन्यासाठी राखून ठेवलेल्या साठ्यातले आहेत, तुमच्या राउटरमध्ये टाकू नका.

```
IP Address:      203.0.113.42
Subnet Mask:     255.255.255.248
Default Gateway: 203.0.113.41
Primary DNS:     8.8.8.8
Secondary DNS:   1.1.1.1
```

टीपी-लिंकच्या जुन्या पानांवर Network, मग WAN, आणि तिथे WAN Connection Type अशी यादी असते. नव्या पानांवर Advanced, Network, Internet असं जावं लागतं. दुसऱ्या कंपन्यांत नावं थोडी इकडची तिकडे होतात, पण यादीत Dynamic IP, Static IP, PPPoE हे तीन शब्द एकत्र दिसले की जागा बरोबर आहे. Static IP निवडलं की वरच्या पाच चौकटी उघडतात. भरा, Save दाबा, अर्धा-एक मिनिट थांबा. Detect नावाचं बटण असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. ते फार तर प्रकार ओळखेल, तुमचे आकडे त्याला कुठून कळणार?

या पाचांत सगळ्यात जास्त चुका सबनेट मास्कमध्ये होतात, म्हणून तिथे जरा थांबतो. मास्क राउटरला सांगतो की माझ्या शेजारचे पत्ते कुठून कुठपर्यंत. `255.255.255.248` म्हणजे आठ पत्त्यांचा गट. आपल्या नमुन्यात तो `.40` ते `.47` असा येतो. पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही. उरलेल्या सहांपैकी `.41` गेटवेला गेला आणि `.42` तुम्हाला मिळाला. काही केबलवाले `255.255.255.252` देतात. तो चार पत्त्यांचा गट, त्यात वापरता येणारे दोनच, एक गेटवे आणि एक तुम्ही.

समजा कोणी सवयीने गेटवे `203.0.113.1` लिहिला, कारण घरच्या राउटरमध्ये तो नेहमी `.1` असतो. `.1` हा `.40` ते `.47` मध्ये बसत नाही, म्हणून बहुतेक राउटर सेव्ह करायलाच नकार देतात. मग माणूस काय करतो, मास्क बदलून `255.255.255.0` करतो. आता `.1` शेजारात आला, राउटर खूश झाला, सेव्ह झालं आणि नेट मात्र आलं नाही, कारण त्या पत्त्यावर तुमचा गेटवे बसलेलाच नाही. राउटरने चूक दाखवली होती, ती दुसरी चूक करून झाकली गेली. सेव्ह होत नसेल तर आकडे जुळवत बसू नका, केबलवाल्याचा मेसेज पुन्हा वाचा.

गेटवे बरोबर आणि फक्त मास्क `255.255.255.0` लिहिला असेल तर आणखी विचित्र प्रकार होतो. सगळं नेट चालतं, फक्त त्याच पट्ट्यातली दुसरी गिऱ्हाइकं पोहोचत नाहीत. उदाहरणार्थ, त्याच केबलवाल्याचा फिक्स आयपी घेतलेल्या जिनिंगवाल्याचे कॅमेरे तुमच्या दुकानातून उघडणार नाहीत, बाकी जगातून उघडतील. राउटरला वाटतं तो शेजारीच आहे, म्हणून गेटवेकडे न जाता त्याला थेट हाक मारतो आणि उत्तर येत नाही.

आणखी एक गफलत. राउटरमध्ये लॅनच्या भागात DHCP Server नावाचं वेगळं सेटिंग असतं. "आपलं Static आहे, मग DHCP बंद करायचं" असं समजून काही जण ते बंद करतात. ते तुमच्या फोन-संगणकांना दुकानातले पत्ते वाटण्यासाठी आहे, बाहेरच्या लाइनशी त्याचा संबंध नाही. ते बंद केलं की मोबाइल "पत्ता मिळवत आहे" वर अडकतो आणि विंडोजच्या संगणकाला `169.254.` ने सुरू होणारा पत्ता येतो. ते चालूच ठेवा.

आता तपासा. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून एकेक ओळ चालवा, पहिल्या ओळीत तुमच्या राउटरच्या पानाचा पत्ता आणि दुसऱ्या ओळीत तुमचा खरा गेटवे टाका:

```
ping 192.168.0.1
ping 203.0.113.41
ping 8.8.8.8
ping google.com
```

पहिल्या ओळीला उत्तर नसेल तर घोळ संगणक आणि राउटर यांच्यातच आहे. पहिलीला आहे आणि दुसरी-तिसरीला नाही, तर पत्ता, मास्क किंवा गेटवे चुकला आहे, नाहीतर केबलवाल्याच्या बाजूने अडवलं जातं आहे. दुसरी गप्प पण तिसरी बोलते, तर काळजी नाही. काही गेटवे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तिसरी चालते आणि चौथी म्हणते नाव सापडलं नाही, तर फक्त डीएनएसची चौकट चुकली किंवा रिकामी राहिली. Dynamic वर डीएनएस आपोआप येतं, म्हणून Static भरताना ती चौकट रिकामी ठेवण्याची चूक फार होते.

सगळे आकडे मेसेजप्रमाणे आहेत, तरी तिसरी ओळ गप्प, असं झालं तर मॅक पत्त्याकडे, म्हणजे राउटरच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाकडे बघा. तुमचा राउटर तोच आहे, फक्त पुसला गेला, त्यामुळे ही शंका कमी आहे. पण विजेने तो जळाला असता आणि यवतमाळहून नवा आणला असता, तर पहिला संशय इथेच घ्यायला हवा. पुष्कळ केबलवाले तुमचा आयपी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात. बांधलेला नसला तरी त्यांच्या मशीनला जुन्या राउटरची ओळख काही काळ आठवत असते. ती नोंद किती वेळ टिकते हे मशीनवर अवलंबून आहे, सिस्कोच्या मशीनवर मूळ सेटिंग 4 तासांचं असतं. उपाय सरळ आहे. नव्या राउटरच्या स्टेटस पानावरचा WAN चा मॅक केबलवाल्याला पाठवा आणि "जुना काढून हा टाक" म्हणा. रविवारी तो फोन उचलत नसेल तर MAC Clone मध्ये जुन्या राउटरचा मॅक टाकून काम चालवता येतं. खालच्या स्टिकरवरचा मॅक मात्र बरेचदा लॅनचा असतो. WAN चा त्याहून शेवटच्या अंकाने पुढे-मागे असतो, म्हणून एकाने चाललं नाही तर पुढचा करून बघा.

उलटा प्रकारही सांगतो, कारण तो जास्त फसवा आहे आणि उद्या केबलवाला बदललात तर तुमच्यावरही येईल. लाइन डायनॅमिक आणि राउटरमध्ये जुन्या कनेक्शनचं Static तसंच राहिलं. Dynamic चुकलं तर `0.0.0.0` दिसून चोर पकडला जातो. Static चुकलं तर स्टेटस पानावर पत्ता व्यवस्थित दिसतो, काही राउटर Connected असंही लिहितात. पण तो पत्ता लाइनवरून आलेला नाही, तुम्हीच लिहिलेला राउटर तुम्हाला वाचून दाखवतो आहे. इंटरनेटचा दिवाही काही मॉडेलांत हिरवाच राहतो, कारण त्याला फक्त WAN ची केबल जोडलेली दिसते. अशा वेळी आधीच्या Static चा फोटो काढून ठेवा, Dynamic निवडून सेव्ह करा आणि एक मिनिट थांबा. पत्ता बदलून आला आणि नेट सुरू झालं, तर उत्तर मिळालं. `0.0.0.0` आलं, तर फोटोतले आकडे परत भरा.

यातलीच एक "हुशारी" टाळा. डायनॅमिकवर मिळालेला पत्ता पाहून तोच Static मध्ये लिहून टाकायचा, म्हणजे फुकटात फिक्स आयपी झाला असं वाटतं. तो काही दिवस चालतो. मग सर्व्हर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देतो आणि दोघांचं नेट आळीपाळीने तुटायला लागतं. कुठे केबलवाल्याचं मशीन असा हाताने लिहिलेला पत्ता सरळ अडवतंच.

तुमच्या बाबतीत नेट आल्यावरही काम संपणार नाही, कॅमेरे बाहेरून दिसणार नाहीत. बाहेरून आलेली हाक कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरपर्यंत पोहोचवणारं पोर्ट फॉरवर्डिंगही रिसेटने पुसलं आहे. आधी डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत त्याचा आतला पत्ता बघा. तो `192.168.1.` ने सुरू होत असेल आणि राउटर रिसेटनंतर `192.168.0.1` वर आला असेल, तर दुकानातसुद्धा दोघांची भेट होणार नाही. राउटरच्या LAN पानावर त्याचा पत्ता पूर्वीसारखा `192.168.1.1` करा. राउटर पुन्हा सुरू होईल आणि पान नव्या पत्त्यावर उघडेल. हा बदल करताना ओएनटीचा पत्ताही `192.168.1.1` नाही ना, तेवढं केबलवाल्याला विचारा. ओएनटी राउटरचं काम करत असेल तर दोघे एकाच पत्त्यावर भांडतात.

मग Forwarding किंवा Virtual Servers मध्ये डीव्हीआरचा आतला पत्ता आणि त्याचे पोर्ट टाका. पोर्टचे आकडे डीव्हीआरच्या मेनूतच लिहिलेले असतात. तपासताना दुकानाच्या वायफायवरून तपासू नका. आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत येणं काही राउटरना जमत नाही आणि सगळं बरोबर असूनही चुकलं असं वाटतं. फोनचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर फिक्स आयपी उघडून बघा. डीव्हीआरचा पासवर्ड अजून कंपनीचाच असेल तर पोर्ट उघडण्याआधी तो बदला. फिक्स आयपीवर उघडा पोर्ट दिसला की अनोळखी लोक कंपनीचे पासवर्ड लावून पाहतात.

सगळं चाललं की System Tools मध्ये Backup & Restore असतं, तिथून फाइल उतरवून ठेवा. पुढच्या वेळी पिन दाबली गेली तर ती फाइल परत चढवली की पाच आकडे, पोर्ट, वायफायचं नाव सगळं परत येतं. ती फाइल बहुधा त्याच मॉडेलवर चालते, म्हणून केबलवाल्याचा मेसेज कागदावर उतरवून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. खताची पॉस मशीन याच वायफायवर चालत असेल, तर वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षरशः पूर्वीचेच ठेवा, म्हणजे हंगामाच्या गर्दीत तिला नव्याने जोडत बसावं लागणार नाही.